ज्येष्ठांसाठी फोन निवडताना: आधी कान, मग बोटं, मग दुकान

गेल्या महिन्यात आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत ज्येष्ठ रहिवाशांसाठी मोबाइलची कार्यशाळा झाली. त्यात सुरुवातीची वीस मिनिटं ‘फोन कसा निवडावा’ या विषयासाठी माझ्याकडे होती. मी एकतीस वर्षं टेलिफोन खात्यात नोकरी केली. त्यातली बरीचशी ‘आवाज नीट येत नाही’ या एकाच तक्रारीमागे घरोघर फिरण्यात गेली. सभागृहात सतरंजी अंथरून होते ना होते तोच प्रश्न सुरू झाले: “ते सगळं राहू द्या, कुठला घेऊ ते नाव सांगा.” नाव मी तिथे सांगितलं नाही आणि इथेही सांगणार नाही. दुकानातली मॉडेलं सहा महिन्यांत बदलतात. पण स्वतःचा कान, स्वतःची बोटं आणि आपल्या घरातलं नेटवर्क एकदा ओळखलं की कुठल्याही दुकानात, कुठल्याही मॉडेलची परीक्षा तुम्हाला घेता येते. ती कशी घ्यायची ते त्या दिवशी बोललो होतो, ते सविस्तर लिहितो. ज्यांनी आजवर स्वतः फोन निवडलेला नाही आणि जे आईवडिलांसाठी पहिल्यांदाच घेणार आहेत, अशा दोघांसाठीही हे आहे.

पहिली पायरी: एका आठवड्याचा कागद

हे काम घरी करायचं. एक कागद घ्या आणि गेल्या सात दिवसांत फोनवर खरोखर काय काय केलं ते लिहा. करायची इच्छा आहे ते नाही, केलं ते. कार्यशाळेत मी हे प्रत्येकाला पाच मिनिटं करायला लावलं. ए विंगमधल्या एका आजोबांच्या कागदावर फक्त तीन ओळी आल्या: मुलाचा फोन, डॉक्टरांचा फोन, गॅसचा नंबर लावला. त्यांच्यासाठी मुलाने पंचवीस हजारांचा फोन ठरवून ठेवला होता. त्यांना बटणांचा साधा फोन पुरतो, आणि तोच त्यांना सुखाने वापरता येईल.

कागदावर व्हिडिओ कॉल, व्हॉट्सॲप, वीजबिल किंवा यूपीआय यांतलं काही आलं, तर स्मार्टफोन हवा. इथे एक गाठ आहे, ती आधीच सोडवून घ्या. यूपीआयचं ॲप सुरू करताना त्याच फोनमधून एक एसएमएस आपोआप जातो आणि त्यावरून बँक तुमचा नंबर पडताळते. म्हणजे बँकेत नोंदवलेल्या नंबरचं सिम त्याच फोनमध्ये लागतं. बरेच जण दोन फोन ठेवतात, बँकेचं सिम साध्या फोनमध्ये घालतात आणि मग स्मार्टफोनवर यूपीआय का सुरू होत नाही म्हणून दुकानदाराशी वाद घालतात. फोनमध्ये काही बिघाड नसतो, सिम दुसऱ्या खोलीत असतं.

हीच गोष्ट उलटी करून काही जण मुद्दाम वापरतात, आणि मला ती पटते. ज्यांना यूपीआय करायचंच नाही, त्यांनी बँकेचा नंबर साध्या फोनमध्ये ठेवावा आणि स्मार्टफोन दुसऱ्या नंबरवर चालवावा. मग कुणी गोड बोलून स्मार्टफोनमध्ये स्क्रीन बघणारं एखादं ॲप टाकायला लावलं, तरी ओटीपी त्या फोनवर येतच नाही. आपणच तोंडाने तो वाचून दाखवला तर मात्र या व्यवस्थेचा काही उपयोग नाही. दुसऱ्या सिमच्या खर्चाचं म्हणाल, तर दूरसंचार नियामक ट्रायने डिसेंबर २०२४ मध्ये काढलेल्या नियमानंतर कंपन्यांना फक्त बोलणं आणि एसएमएस एवढाच पॅक द्यावा लागतो. साध्या फोनसाठी तोच मागा, डेटाचे पैसे भरू नका.

दुसरी पायरी: घरात सिग्नल कुठे पडतो

फोन ज्या खुर्चीत बसून घेतला जातो, तिथे नेटवर्क आहे का हे बघितल्याशिवाय फोन घेऊ नका. आमच्या इमारतीत रस्त्याकडच्या गॅलरीत सगळ्यांना पूर्ण दांडे दिसतात. मागच्या बेडरूममध्ये, तळमजल्यावर आणि लिफ्टच्या भिंतीला लागून असलेल्या खोल्यांत ते एकावर येतात, कारण मधल्या काँक्रीटच्या भिंती आणि लोखंडी सळ्या सिग्नल अडवतात. म्हणून दार लावून, त्या नेहमीच्या जागी बसून, आत्ताच्या सिमवरून तीन मिनिटं सलग बोला आणि बोलताना वरच्या पट्टीकडे लक्ष ठेवा.

तिथे काय दिसतं यावर पुष्कळ ठरतं. पट्टीवर 4G किंवा LTE, आणि शेजारी VoLTE, म्हणजे फोरजीवरूनच बोलण्याची सोय, किंवा HD असं काही असेल आणि बोलतानाही ते टिकलं, तर उत्तम. कॉल लागताच 4G जाऊन तिथे 2G किंवा E आलं, तर तुमचा कॉल जुन्या टूजीवर उतरला. यात दोष फोनचा असू शकतो, सेटिंगचा असू शकतो किंवा त्या जागेचा. तेच सिम शेजाऱ्यांच्या नव्या फोनमध्ये घालून त्याच खुर्चीत बसून बघा. तिथे 4G टिकलं, तर जागा बरी आहे आणि आपल्या फोनमध्येच काहीतरी आहे.

बटणांचा फोन घेणाऱ्यांनी इथे सर्वांत जास्त सावध राहावं. जिओचं टूजी किंवा थ्रीजी नेटवर्क नाही, तिथे बोलणं फोरजी किंवा फाइव्हजीवरच होतं. हजार-बाराशे रुपयांचा साधा टूजी फोन घेतला आणि त्यात जिओचं सिम घातलं, तर तो लागणारच नाही. एअरटेल आणि व्हीआयचं टूजी चालू आहे, त्यामुळे त्यांचं सिम त्यात चालतं, पण आवाजाची गोष्ट वेगळी, ती पुढे सांगतो. म्हणून खोक्यावर 4G आणि VoLTE हे दोन्ही शब्द छापलेले हवेत. काही स्वस्त फोन एकाच कंपनीच्या सिमवर चालतात, तेही विचारून घ्या. उद्या नंबर दुसऱ्या कंपनीत नेला तर तो फोन कामाचा राहत नाही.

घरात वायफाय असेल आणि सिग्नल कमी असेल, तर स्मार्टफोन निवडताना वायफाय कॉलिंगची सोय आहे का ते बघा. सेटिंगमध्ये Wi-Fi calling नावाची कळ असते. ती चालू केली की नेहमीचाच नंबर, नेहमीचाच कॉल वायफायवरून जातो, वेगळं ॲप लागत नाही. आमच्या तळमजल्यावरच्या चार घरांची तक्रार एवढ्यानेच मिटली, नवा फोन घ्यावाच लागला नाही. एक मर्यादा सांगून ठेवतो: वीज गेली की राउटर बंद, आणि मग पुन्हा गॅलरी.

तिसरी पायरी: कान

यावर मी वीसपैकी नऊ मिनिटं घेतली, आणि इथेही जरा थांबणार आहे.

वयाबरोबर ऐकणं कमी होतं, पण सगळीकडून सारखं कमी होत नाही. आधी वरच्या पट्टीतले, बारीक आवाज जातात. आपल्या बोलण्यात स्वर जाडे आणि भरदार असतात, तर स, श, फ, थ यांची फुंकर त्या वरच्या पट्टीत असते. त्यामुळे आजी म्हणतात, “आवाज येतो गं, पण कळत नाही.” त्या अगदी बरोबर सांगत असतात. आ, ई, ओ पोहोचतात, स आणि श पोहोचत नाहीत. अशा वेळी आवाज वाढवला की स्वरच आणखी मोठे होतात.

यात टेलिफोनची स्वतःची भर पडते. जुन्या टेलिफोनमधून ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच आवाज पाठवत, आणि टूजी मोबाइलही त्याच मापाने चालतो. ‘स’ची बरीचशी फुंकर त्याच्या वर राहते, म्हणजे ती तारेतच गळून पडते. फोरजीवरच्या एचडी कॉलमध्ये हीच मर्यादा सुमारे ७००० हर्ट्झपर्यंत जाते. कानात जे थोडं उरलं आहे त्याला मिळणारं धान्य दुप्पट होतं, असं समजा. व्हॉट्सॲपवरचा कॉल आजींना जास्त कळतो याचंही कारण बहुधा हेच असतं.

म्हणून दुकानात रिंगटोन वाजवून ‘आवाज मोठा आहे’ असं ठरवू नका. रिंगटोन मागच्या किंवा खालच्या स्पीकरमधून येते, कॉलचा आवाज वरच्या बारीक फटीतून. दोन्ही वेगळे आहेत. परीक्षा अशी घ्या. आपलं स्वतःचं सिम दुकानातल्या नमुना फोनमध्ये घालायला सांगा. घरी मुलीला किंवा सुनेला आधी सांगून ठेवा की मी फोन केला की तू दहा आकडे वाच, एकेक, सावकाश, आणि क्रम तुझ्या मनाचा ठेव. आकडे हे: सात, साठ, आठ, सहा, दहा, वीस, तीस, पास, फास, चार. शेवटच्या तिनांत दोन शब्द आकडे नाहीत, ते मुद्दाम घातले आहेत. ज्यांना फोन घ्यायचा त्यांनी ऐकून कागदावर लिहायचं, कुणी मदत करायची नाही. दुकान रस्त्यावर असेल तर दार उघडंच राहू द्या, भाजी घेतानाही फोन येतोच.

सहाच्या जागी दहा आणि साठच्या जागी सात लिहिलं गेलं, तर तो फोन परत ठेवा, घेऊ नका. औषधाची गोळी किती वाजता, रिक्षाचे किती झाले, बँकेतून सांगितलेला नंबर, सगळं या आकड्यांवरच चालतं.

आमच्या बी विंगमधल्या काकूंचं उदाहरण सभागृहात सांगितलं होतं, त्यांची परवानगी घेऊन. वय ७६, तळमजला, मुलगी पुण्याला. मुलाने आपला पाच वर्षं वापरलेला फोन त्यांना दिला होता. मुलगी रोज संध्याकाळी फोन करायची आणि दोन मिनिटांत दोघीही चिडायच्या. काकूंचा कान तपासून झाला होता, यंत्र लावायची अजून वेळ आलेली नव्हती. मी त्यांच्या खाटेवर बसून कॉल लावला तर 4G जाऊन E आलं. सेटिंगमध्ये VoLTE ची कळच दिसेना, म्हणजे त्या जुन्या फोनवर त्या कंपनीच्या सिमसाठी ती सोय चालत नव्हती. वरचे दहा शब्द मुलीने वाचले, काकूंनी लिहिले: सहा बरोबर, चार चूक. सिम काढून माझ्या फोनमध्ये घातलं, वायफाय कॉलिंग लावलं, पुन्हा दहा शब्द, वेगळ्या क्रमाने. नऊ बरोबर. चुकलेला एक ‘फास’ होता. त्या दिवशी काकूंनी मुलीशी बावीस मिनिटं गप्पा मारल्या, माझ्याच फोनवर, आणि मी तो मागायला गेलो नाही.

आता याची मर्यादा. एचडी आवाज दोन्ही टोकांना एचडी असेल तरच मिळतो. समोरच्याकडे टूजी फोन असेल किंवा तुम्ही लँडलाइनवर, काही कंपन्यांच्या हेल्पलाइनवर फोन केलात, तर आवाज पुन्हा अरुंदच होतो. नवा फोन घेऊनही ‘त्या ऑफिसचा फोन कळत नाही’ अशी तक्रार राहिली, तर फोनला दोष देऊ नका. अशा ठिकाणी स्पीकरवर टाकून घरातल्या कुणाला शेजारी बसवा.

ज्यांच्या कानाला यंत्र आहे त्यांनी दुकानात यंत्र लावूनच जावं. फोन यंत्राजवळ नेला की शिट्टी वाजते का ते बघा. कानामागचं यंत्र असेल तर त्याचा माइक कानाच्या वर असतो, म्हणून फोन थोडा वर, त्या माइकशी धरून पाहा. पुष्कळांना हे कुणी सांगितलेलंच नसतं आणि ते फोन कानाच्या भोकाशी धरतात. ब्लूटूथचं यंत्र असेल तर उलट क्रमाने जा: आधी यंत्र देणाऱ्या ऑडिओलॉजिस्टकडून विचारून या की हे कोणत्या फोनशी जुळतं. काही यंत्रं आयफोनशी थेट जुळतात. अँड्रॉइडमध्ये अशी सोय अँड्रॉइड १० पासून आहे, पण ती फोन आणि यंत्र दोघांनाही यावी लागते. खोक्यावर नुसतं ‘ब्लूटूथ’ लिहिलेलं असणं पुरेसं नाही.

रिंगटोनही याच न्यायाने निवडा. बारीक किणकिण, चिमणीचा आवाज, बासरीची वरची सुरावट असं काही ठेवू नका. जाडा, खालच्या स्वरातला, सलग वाजणारा आवाज घ्या आणि शेजारच्या खोलीतून ऐकू येतो का बघा.

चौथी पायरी: बोटं

सभागृहातल्या जवळपास प्रत्येकाने ‘मला टच जमत नाही’ असं म्हटलं. त्यात शिकण्याचा भाग थोडा आहे, त्वचेचा जास्त. आजच्या फोनचा पडदा दाबाने चालत नाही, बोटाच्या स्पर्शाने त्याच्यावरच्या विजेच्या भारात होणारा सूक्ष्म बदल तो ओळखतो. वयाने बोटांची त्वचा कोरडी होते, थंडीत आणखी, आणि मग पडद्याला स्पर्श कळत नाही. माणूस समजतो की आपण कमी दाबलं, म्हणून तो जोरात आणि जास्त वेळ दाबतो. जास्त वेळ दाबलं की फोन त्याला ‘दाबून धरलं’ असं समजतो आणि भलतंच काही उघडतं. दहा जणांपैकी आठ जणांचा गोंधळ इथे सुरू होतो, असं मला दिसलं.

याची परीक्षा: नमुना फोनवर स्वतः दहा आकडी नंबर तीनदा लावा. एकही आकडा दोनदा पडला नाही, एकही सुटला नाही, तर ठीक. मग दुकानदाराला तुमच्या नंबरवर फोन करायला सांगा आणि तो तुम्ही उचला. फोन उचलण्यासाठी अनेक फोनमध्ये बोट वर किंवा बाजूला सरकवावं लागतं, आणि ज्येष्ठांना नेमकं हेच जमत नाही. काही फोनमध्ये एकदा टेकवून किंवा आवाज वाढवायच्या बटणाने फोन उचलायची सेटिंग असते. ती असलेला फोन मिळाला, तर बाकीच्या दोन गोष्टी कमी असल्या तरी मी तोच घेईन.

जाड काच लावून घेण्याआधीच ही परीक्षा घ्या, आणि लावल्यावर पुन्हा घ्या. स्वस्त काच नीट बसली नाही की स्पर्श आणखी मंद होतो. काही फोनमध्ये काच लावलेली असताना वापरायची Touch sensitivity नावाची कळ असते, ती चालू करा. हात थरथरत असेल किंवा बोट जरा वेळ टेकतच असेल, तर सेटिंगमधल्या Accessibility भागात Touch & hold delay शोधा आणि ते Long करा. मग थोडा वेळ बोट राहिलं तरी फोन त्याला साधा स्पर्शच समजतो. खालच्या पट्टीवर मागे, घर आणि अलीकडचे अशी तीन बटणं दिसतील असंही करून घ्या. नव्या फोनमध्ये ती लपवून कडेवरून बोट सरकवायची पद्धत दिलेली असते, ती शिकवण्यात आठवडा घालवू नका.

बोटाच्या ठशाने उघडणाऱ्या फोनबद्दल एक सांगतो. आधारच्या मशीनवर ज्यांचा अंगठा तीन-तीनदा लावावा लागतो, त्यांना फोनवरही तसाच त्रास होतो, कारण रेषा झिजलेल्या असतात. दुकानात ठसा नोंदवून दहा वेळा उघडून बघा. निदान सात-आठ वेळा तरी उघडला नाही तर चार किंवा सहा आकड्यांचा पिन ठेवा. जन्मसाल पिन म्हणून ठेवू नका, आणि पिनच ठेवू नये असं तर मुळीच करू नका.

पाचवी पायरी: डोळे आणि हात

हे लवकर आटोपतं. चष्मा लावून, व्हॉट्सॲपमधला मराठी निरोप उघडा आणि अक्षराचा आकार सर्वांत मोठा करा. मग बँकेचं ॲप किंवा वीजबिलाचं पान उघडून बघा की मोठ्या अक्षरांमुळे खालचं बटण पडद्याबाहेर तर गेलं नाही. तसं झालं तर अक्षर एक पायरी लहान करा. काचबिंदू किंवा मोतीबिंदू असेल तर उजेड कमी-जास्त करून आणि काळ्या पार्श्वभूमीवर पांढरं अक्षर करून बघा. काहींना तेच बरं वाटतं, काहींना अजिबात नाही. फोन एका हातात दोन मिनिटं कानाशी धरा. साधारण दोनशे ग्रॅमचं ओझं दोन मिनिटांनंतर मनगटाला समजतं.

सहावी पायरी: मुलाचा जुना फोन, की नवा

बहुतेक घरांत ज्येष्ठांचा फोन म्हणजे मुलाने वापरून झालेला फोन. तो घ्यायला हरकत नाही, दोन गोष्टी बघून. सेटिंगमध्ये About phone किंवा Security च्या भागात Android security update समोर एक तारीख असते. ती वर्षभरापेक्षा जुनी असेल आणि नवं काही येत नसेल, तर त्या फोनवर बँक किंवा यूपीआय ठेवू नका. बोलायला आणि भजनं ऐकायला तो चालेल. दुसरं, वर सांगितलेली VoLTE ची परीक्षा घ्या.

नवा घ्यायचा असेल तर विकणाऱ्याला ‘सुरक्षा अपडेट किती वर्षं येणार’ एवढं विचारा. ज्येष्ठ माणूस फोन पाच-सहा वर्षं बदलत नाही, त्यामुळे कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलपेक्षा हे उत्तर त्यांच्या कामाचं आहे. रॅम ६ जीबी आणि साठवण १२८ जीबी याच्या खाली जाऊ नका. रोजच्या सुप्रभाताच्या चित्रांनी आणि व्हिडिओंनी ६४ जीबीचा फोन लवकर भरतो, आणि भरलेला फोन अडखळू लागतो. फोन अडखळला की ज्येष्ठ माणूस पुन्हा पुन्हा बोट दाबतो, आणि मग वरचा सगळा गोंधळ नव्याने सुरू होतो. लॉक केलेल्या पडद्यावर जाहिराती आणि बातम्या दाखवणारे फोनही असतात. नमुना फोनवर त्या दिसल्या तर दुकानदाराकडून तिथेच बंद करून घ्या. बंद होत नसतील, तर दुसरा फोन बघा.

एका काकांनी विचारलं, “आयफोन घ्यावा का?” मी त्यांना विचारलं की अडलं तर कुणाला फोन करणार. “नातवाला,” म्हणाले. नातवाच्या हातात जो आहे तसाच घ्या, असं सांगितलं. फोनवरून ‘आता वरचं तिसरं बटण दाबा’ असं सांगणाऱ्याच्या हातात तोच पडदा असला की सोडवणूक दोन मिनिटांत होते.

सातवी पायरी: दुकानात, आणि पहिला रविवार

दुकानात जाताना चष्मा, कानाचं यंत्र, स्वतःचं सिम आणि तो आठवड्याचा कागद सोबत न्या. खोकं समोर उघडायला सांगा. फोनमध्ये *#06# लावला की त्या फोनचा पंधरा आकडी ओळख क्रमांक, म्हणजे आयएमईआय दिसतो. तो खोक्यावरच्या आणि बिलावरच्या आकड्याशी जुळवा. वापरलेला फोन घेत असाल तर कोणत्याही मोबाइलवरून हा एसएमएस 14422 वर पाठवा, मधे एक जागा सोडून, पुढे आपले पंधरा आकडे:

```
KYM 123456789012345
```

उत्तरात फोनची माहिती येते, आणि तो चोरीचा म्हणून बंद केलेला असेल तर तेही कळतं. पैसे द्यायच्या आधी पाठवा.

पहिल्या रविवारी घरातल्या कुणीतरी शेजारी बसून तीन कामं करावीत. व्हॉट्सॲपच्या Settings मध्ये Storage and data उघडून Media auto-download खालचं सगळं बंद करावं, म्हणजे हवं तेच चित्र बोट लावल्यावर उतरेल. फोनच्या सेटिंगमध्ये Install unknown apps शोधून व्हॉट्सॲपसमोरची परवानगी बंद असल्याची खात्री करावी. लग्नपत्रिका किंवा चलन म्हणून शेवटी .apk असलेली जी फाइल येते, ती खरं तर ॲप असते, आणि ती मग एका बोटाच्या स्पर्शाने बसत नाही. तिसरं, संकटकाळचं बटण दाखवावं. साध्या फोनमध्ये ५ किंवा ९ दाबून धरलं की आणि स्मार्टफोनमध्ये बाजूचं बटण भराभर तीनदा दाबलं की 112 ला कॉल जावा, असा भारतात नियम आहे. काही फोनमध्ये ते पाचदा दाबावं लागतं, म्हणून सेटिंगमधलं Emergency SOS उघडून आपल्या फोनवर काय आहे ते बघून ठेवा. गंमत म्हणून दाबून बघू नका, पलीकडे खरा माणूस फोन उचलतो.

काकूंनी शेवटी साधारण चौदा हजारांचा फोन घेतला. दहा शब्दांची परीक्षा दुकानात उघड्या दारात घेतली, तीन फोनवर. पहिल्यावर सात आले, दुसऱ्यावर नऊ, तिसऱ्यावर नऊ. दुसरा आणि तिसरा यांत दुसऱ्याला आवाजाच्या बटणाने फोन उचलता येत होता, म्हणून तो घेतला. पंधरा दिवसांनी त्या पुन्हा आल्या, म्हणाल्या फोन वाजलेला कळत नाही. रिंगटोन दुकानदाराने ठेवलेली होती, बारीक घंटेची. ती काढून खालच्या स्वरातली, तंबोऱ्यासारखी सलग वाजणारी ठेवली, फोन स्वयंपाकघरात ठेवून त्यांना बेडरूममध्ये पाठवलं आणि मी मिस्ड कॉल दिला. तिसऱ्या रिंगला त्या बाहेर आल्या.